मंगळवारी दुपारी दीड वाजता

गेल्या काही वर्षांत आमच्याकडे परदेशी जाण्याचं वारं सुरू झालं आहे. गल्लीतल्या निम्म्या घरांतून कुणाचा ना कुणाचा तरी मुलगा नाहीतर दीर बाहेरदेशी आहे. आमचे धाकटे भावजी हॉलंडात, अ‍ॅम्स्टरडॅमला लागून असलेल्या अ‍ॅम्स्टेलवेन गावात राहतात. २०२४ च्या मे महिन्यात आम्ही सगळे त्यांच्याकडे जायचं ठरलं. सगळे म्हणजे हे, मी, तेरा वर्षांची मुलगी, आठ वर्षांचा धाकटा आणि एकाहत्तर वर्षांच्या सासूबाई.

मला तिथलं एकच ठिकाण पाहायचं होतं. मी एका शाळेत अर्धवेळ इंग्रजी शिकवते. दहावीच्या पुस्तकात अ‍ॅन फ्रँकच्या डायरीतला उतारा आहे, तो मी सहा वर्षं शिकवत आले. तिचं कुटुंब जिथे लपून राहिलं ते घर अ‍ॅम्स्टरडॅममध्ये प्रिन्सेनग्राख्ट नावाच्या कालव्याकाठी आहे, आणि ते पाहता येतं. मला वाटलं, जायचं, खिडकीशी तिकीट काढायचं आणि आत शिरायचं. आपल्याकडे अजिंठ्याला जातो तसं!

जाऊबाईंना फोनवर तसं म्हटलं तर त्या हसल्याच. "वहिनी, तिथे खिडकीच नाही हो! तिकीट फक्त त्यांच्या वेबसाइटवर, आणि तेही ठरलेल्या वेळेचं. तारीख आणि वेळ तिकिटावर छापलेली असते. मे महिन्यात आयत्या वेळी मिळणं कठीणच."

मग मी नीट वाचायला बसले. त्यांचा नियम असा की, दर मंगळवारी सकाळी दहा वाजता, तिथून पुढे सहा आठवड्यांनी येणाऱ्या आठवड्याची सगळी तिकिटं एकदम विक्रीला काढतात. त्याआधी कितीही खटपट केली तरी मिळत नाहीत, आणि नंतर उरलीसुरली असतील ती. म्हणजे नुसतं 'आधी काढा' एवढं कळून भागत नाही, कोणत्या मंगळवारी ते काढायला हवं. मी भिंतीवरचं कॅलेंडर उतरवलं. आम्ही शहर पाहायला गुरुवार, १६ मे धरला होता. त्या आठवड्यातला मंगळवार १४ मे. तिथून बोटाने मागे मागे आले. ७ मे, ३० एप्रिल, २३, १६, ९ आणि २ एप्रिल. सहा उड्या झाल्या. २ एप्रिलवर पेन्सिलीने गोल केला.

तेवढ्यात ह्यांना एका दुसऱ्याच वेबसाइटवर १६ तारखेची तिकिटं 'मिळाली'. त्या घराचं चित्र, अ‍ॅन फ्रँकचं नाव, आणि किंमत दुपटीहून जास्त. पैसे भरायच्या बेतात होते. मी म्हटलं, "थांबा, खालची बारीक अक्षरं वाचू द्या." तर ती त्या भागातून पायी फिरवून माहिती सांगणारी सहल निघाली. घरात प्रवेश नाही, असं स्पष्ट लिहिलं होतं, पण अगदी तळाला. फसवणूक म्हणता येत नाही, पण घाईत असलेला माणूस फसेल अशीच ती मांडणी. घराची तिकिटं फक्त annefrank.org ह्या त्यांच्या स्वतःच्या पत्त्यावर मिळतात. तेव्हापासून मी कुठल्याही ठिकाणाचं नाव शोधून वर येतं त्यावर बोट ठेवत नाही. पत्ता अक्षर अक्षर वाचते.

दुसरी तयारी पैशांची. आपल्याकडच्या कार्डावर परदेशी व्यवहार आपण होऊन सुरू केल्याशिवाय चालत नाहीत. २०२० पासून रिझर्व्ह बँकेचा तसा नियम आहे, आणि तो चांगलाच आहे. पण ऐन वेळी हे कळलं तर तिकीट हातचं जातं. म्हणून आदल्या रात्री ह्यांनी बँकेच्या अ‍ॅपमध्ये जाऊन ते सुरू करून ठेवलं. शिवाय ओटीपी येणार ह्यांच्या मोबाइलवर, आणि हे त्या वेळी ऑफिसात. "मीटिंग असो, साहेब समोर असो, आकडा आला की मला कळवायचा," असं दोनदा बजावलं.

आणि एवढं सगळं करून चुकले कुठे, तर घड्याळात!

आमच्या शेजारच्या काकूंची बहीण फेब्रुवारीत भारतातूनच तिकिटं काढून तिकडे जाऊन आली होती. काकू म्हणाल्या, "त्यांचे सकाळचे दहा म्हणजे आपले दुपारचे अडीच." मी तेच धरून बसले. मंगळवारी शाळा सुटल्यावर घरी आले, जेवले, ओटासुद्धा आवरला आणि सव्वादोनला आरामात मुलीच्या लॅपटॉपपुढे बसले. तर काय, विक्री सुरू होऊन पाऊण तास झालेला!

युरोपात मार्चच्या शेवटच्या रविवारी सगळी घड्याळं एक तास पुढे करतात. २०२४ मध्ये तो रविवार ३१ मार्चला आला. काकूंच्या बहिणीच्या वेळी हिवाळ्याचं घड्याळ चालू होतं, तेव्हा साडेचार तासांचा फरक होता आणि अडीच बरोबर होते. माझ्या मंगळवारच्या दोनच दिवस आधी तो फरक साडेतीन तासांवर आला, म्हणजे दुपारचा दीड. काकूंची काही चूक नव्हती. मीच जाऊबाईंना एका शब्दाने विचारायला हवं होतं, की आत्ता या क्षणी तुमच्याकडे किती वाजले?

पडद्यावर रांग लागलेली दिसत होती. खरीखुरी रांगच, आपल्यापुढे किती जण आहेत तेही दाखवतात. नंबर लागेपर्यंत जिवाची नुसती घालमेल. आत शिरले तर १६ तारखेचे सकाळ-दुपारचे सगळे चौकोन पुसट झालेले, म्हणजे संपलेले. रात्री साडेआठची चार तिकिटं शिल्लक होती. घर त्या दिवसांत रात्री दहापर्यंत उघडं असतं. माणशी सोळा-सतरा युरो. लहान मुलांना अगदी कमी, पण तिकीट त्यांनाही लागतं, कडेवरच्या बाळालासुद्धा. ह्यांच्याकडून आकडा आला आणि ती चार तिकिटं मी घेतली.

चारच का, तेही सांगते. त्या जुन्या घरातले जिने फार अरुंद आणि उभे आहेत, चाकाची खुर्ची तिथे नेता येत नाही, हे मी वाचलं होतं. सासूबाईंचे गुडघे दुखतात. देवळाच्या पायऱ्या त्या हल्ली कठडा धरून चढतात. त्यांना नाहीच जमणार, असं मी मनाशी धरून चाललेच होते. त्या तेवढा वेळ जाऊबाईंकडे थांबतील, विश्रांती होईल, हेही ठरवून टाकलं. त्यांना न विचारता.

रात्री जेवताना मी तिकिटांची हकीकत रंगवून सांगितली. सासूबाई काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी मेथी निवडता निवडता त्या म्हणाल्या, "माझं नाही काढलंस ना?"

मी म्हटलं, "आई, जिना फार उभा आहे हो. तुमचे गुडघे..."

"गुडघे माझे आहेत ना? मग विचारायचंस मला." मेथीची जुडी बाजूला ठेवून म्हणाल्या, "तू दरवर्षी तो धडा स्वयंपाकघरात मोठ्याने वाचतेस. सहा वर्षं ऐकतेय मी. ती पोर दोन वर्षं कपाटाआड राहिली, ती खोली मला बघायची होती. जिन्याचं मी बघितलं असतं."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. एरवी त्यांना काय झेपेल नि काय नाही हे ठरवणारी मी कोण? आणि गंमत म्हणजे, वर्गात मुलींना मी सांगते की, त्या घरातले मोठे सगळं आपल्याला न विचारता ठरवतात याचाच अ‍ॅनला राग येई!

एक वाट उरली होती. आमचं परतीचं विमान २६ मे ला होतं. म्हणजे २१ मे पासूनच्या आठवड्याची तिकिटं पुढच्या मंगळवारी, ९ एप्रिलला निघणार होती. कॅलेंडरवर पाहिलं, तर ९ एप्रिलला गुढीपाडवा! दुपारी दीड म्हणजे ऐन पानं वाढायची वेळ, आणि घरात नणंदेकडची मंडळी जेवायला. सासूबाईंनीच तोड काढली. "आज पंगत बाराला बसवू. मी वाढते. तू तुझं यंत्र घेऊन बस." जाऊबाईंना आधीच विचारून घेतलं होतं, त्यांचे दहा म्हणजे आपला दीडच. एक वीसला बसले. या खेपेला गुरुवार, २३ मे, सकाळी साडेदहाची दोन तिकिटं मिळाली. सासूबाईंचं आणि माझं. मग श्रीखंड खाल्लं.

आता ते दोन गुरुवार कसे गेले ते सांगते, कारण तिकीट मिळाल्यावर त्याभोवती दिवस बसवणं हेही एक कामच आहे.

पहिल्या गुरुवारसाठी ह्यांनी पाठकोऱ्या कागदावर बेत केला होता. सकाळी रायक्स म्यूझियम, दुपारी व्हॅन गॉगची चित्रं, मग बोटीतून कालव्यांची सैर, फुलांचा बाजार आणि रात्री अ‍ॅनचं घर. कागदावर सगळं बसत होतं. कारण कागदावर कुणाला शू लागत नाही, ट्रॅम चुकत नाही आणि धाकट्याला भूक लागत नाही. मी म्हटलं, साडेआठ हलणार नाहीत, तेव्हा तिथून उलटं मोजत येऊ. सव्वाआठला दाराशी हवं. त्याआधी जेवण, त्याला एक तास, म्हणजे सात. व्हॅन गॉगचं तिकीटही वेळेचंच असतं, मुलांना फुकट असलं तरी वेळ त्यांचीही नोंदवावी लागते. ते आम्ही दुपारी दोनचं घेतलं. तिथे मुलं दीड तास टिकतात, त्यावर नाही. म्हणजे साडेतीन. मधल्या साडेतीन तासांत बोट आणि निवांत बसणं. रायक्स म्यूझियम आणि फुलबाजार दोन्ही काटले. हे थोडे हिरमुसले, पण रायक्स म्यूझियम नंतर ते एकटे जाऊन पाहून आले, आणि आमच्या कटकटीविना पाहिलं म्हणून खूषच झाले.

एवढं करूनही माझं गणित एका ठिकाणी चुकलं. आम्ही अकरालाच घर सोडलं होतं. भावजींच्या घराजवळून पाच नंबरची ट्रॅम थेट म्यूझियमप्लेनला जाते, अर्ध्या तासाचाही प्रश्न नव्हता, पण उशीर नको या धास्तीने आम्ही लवकर निघालो. तिथे हिरवळीवर मुलं मनसोक्त धावली. चित्रं पाहताना मुलगी रमली. धाकट्याला सूर्यफुलं आवडली आणि बाकी सगळं लांबलचक वाटलं. संध्याकाळी बोटीत तो माझ्या मांडीवर झोपला. मे महिन्यात तिथे रात्री साडेनऊपर्यंत उजेड असतो, त्यामुळे आपल्याला वाटतं अजून दिवस बाकी आहे. शरीराला मात्र घड्याळ कळतं. साडेआठला आम्ही आत शिरलो तेव्हा पोरगं डोळे चोळत होतं. त्या घरात वाट एकाच दिशेने जाते, मागे फिरता येत नाही, आणि मागून माणसं येतच असतात. कानाला लावायचं माहितीचं यंत्र देतात, ते त्याने दोन खोल्यांत परत माझ्या गळ्यात घातलं. कपाटापाशी पोहोचलो तेव्हा ह्यांनी त्याला हाताला धरून पुढे नेलं. मुलीला आणि मला काय दहा-पंधरा मिनिटं शांतपणे मिळाली असतील तेवढीच. घर पाहायला एक तास लागतो म्हणतात. आम्ही पस्तीस मिनिटांत बाहेर होतो. रात्रीचं तिकीट वाईट नाही, गर्दीही कमी वाटली. पण ते घ्यायचं तर त्या दिवशी दुपारी घरी परतून मुलांना झोपवायला हवं होतं. सबंध दिवस बाहेर काढून वर रात्रीचं तिकीट, हे नाही झेपत.

दुसऱ्या गुरुवारी बेतच नव्हता. साडेदहा ही एकच खुंटी, तिच्यावर फक्त सासूबाईंचा दिवस टांगायचा. नऊला निघालो, घाई न करता ट्रॅम बदलली आणि वेस्टरमार्क्टच्या थांब्यावर उतरलो. तेरा आणि सतरा नंबरच्या ट्रॅम तिथे थांबतात, घर तिथून अगदी जवळ. दहाला पोहोचलो. समोर कालव्याकाठी बसायला जागा मिळाली. शेजारच्या उंच चर्चचं घड्याळ दर पाव तासाला टोल देतं. मी आईंना सांगितलं, की हाच टोल अ‍ॅनला आत ऐकू यायचा, तिने तसं लिहिलंही आहे. त्या पुढचा टोल होईपर्यंत वाट पाहत बसल्या.

एक बरं केलं होतं. मोठी पिशवी घरीच ठेवली. मोठ्या पिशव्या आत नेऊ देत नाहीत, आणि माझी डबा-पाणी-स्वेटरची पिशवी नक्कीच अडली असती. लहान पर्समध्ये पाण्याची छोटी बाटली आणि आईंची गोळी. बस्स. फोटो काढायलाही आत मनाई आहे, तेव्हा मोबाइल हातात धरायचाही प्रश्न नव्हता. आईंचा हात धरायला दोन्ही हात मोकळे.

खालच्या भागात ऑटो फ्रँकचा धंदा चाले. कचेरीच्या खोल्या पाहत पाहत जिना चढायचा. मी आईंच्या मागे, एक पायरी खाली. मागच्या लोकांना मी सरळ सांगितलं, तुम्ही पुढे व्हा. सगळे हसून पुढे गेले, कुणी कपाळाला आठी घातली नाही. मग ते पुस्तकांचं कपाट आलं, बिजागरीवर पुढे ओढलेलं, आणि त्यामागे दार. वाकून आत जायचं. आतल्या खोल्या रिकाम्या आहेत. सामान नाझींनी नेलं, आणि नंतर अ‍ॅनच्या वडिलांनीच त्या तशा रिकाम्या ठेवायला सांगितल्या. अ‍ॅनने भिंतीवर चिकटवलेली नटनट्यांची चित्रं तेवढी अजून आहेत. ६ जुलै १९४२ पासून ४ ऑगस्ट १९४४ पर्यंत ती इथे होती. एकूण आठ माणसं. दिवसा नळ सोडायचा नाही, बूट घालून चालायचं नाही, कारण खाली कामगार असत.

एका भिंतीवर पेन्सिलीच्या बारीक रेघा आहेत. मुलींची उंची वाढेल तशी वडिलांनी केलेली नोंद. आईंनी चष्मा पुसला आणि जवळ जाऊन पाहिलं. "आपल्या फडताळाच्या चौकटीवर आहेत तशा," एवढंच म्हणाल्या. पहिल्या गुरुवारी मी त्या रेघांसमोरून गेले होते, पण मला त्या दिसल्याच नव्हत्या.

तिथून वरच्या मजल्यावर जाणारा जिना म्हणजे निव्वळ शिडी. मी आईंकडे पाहिलं. त्यांनी जिन्याकडे पाहिलं. त्यांचं बालपण पुण्यात शनिवार पेठेतल्या वाड्यात गेलं. म्हणाल्या, "अगं, हा तर आमच्या माडीचा जिना! दोर तेवढा नाही." पदर खोचला, दोन्ही बाजूंना हात टेकले आणि एकेक पायरी करत वर गेल्या. माझाच पाय एकदा घसरला.

बाहेर पडलो तेव्हा बारा वाजायला आले होते. जवळजवळ दीड तास. त्यातला अर्धा तास जिन्यांचा, पण तो आम्ही धरूनच चाललो होतो. पुढे काहीच ठरलेलं नव्हतं, म्हणून कुठे धावायचं नव्हतं. परत त्याच बाकावर बसलो. आईंनी गोळी घेतली, गुडघे चोळले. मी विचारलं, "फार दुखतायत का?" म्हणाल्या, "दुखतायत. घरी बसले असते तरी दुखलेच असते."

परत आल्यावर काकूंनी विचारलं, कारण त्यांची दुसरी बहीण डिसेंबरात तिकडे निघाली होती. मी त्यांना कॅलेंडरच काढून दाखवलं. ज्या आठवड्यात जायचं त्यातला मंगळवार धरा आणि सहा उड्या मागे या, तो पडेल नोव्हेंबरात. आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिकडची घड्याळं परत मागे येतात.

"म्हणजे?" काकू म्हणाल्या.

"म्हणजे काकू, तेव्हा तुमचे अडीचच बरोबर!"